गुरुवारी निविदा, गुरुवारीच मुलाखत: वेळ बदलून कशी मागावी?

लेव्हल_मशीन | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा घाईचं आहे, म्हणून पाल्हाळ न लावता लिहितो.

मी बांधकाम कंपनीत एस्टिमेशनला आहे. नऊ वर्षं झाली. दुसऱ्या एका कंपनीत सीनियरच्या जागेसाठी पहिली फेरी पार पडली, ती फोनवरच होती. आज संध्याकाळी सहाला त्यांच्या एचआरचा मेल आला: दुसरी फेरी गुरुवारी सकाळी ११ वाजता, व्हिडिओवर, पॅनेल तीन जणांचं, वेळ साधारण एक तास. सोबत कॅलेंडरचं आमंत्रण.

घोळ असा की गुरुवारीच दुपारी ३ वाजता आमची एक मोठी निविदा भरायची शेवटची वेळ आहे. या धंद्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सब-कॉन्ट्रॅक्टरचे दर शेवटच्या रात्रीपर्यंत येत राहतात. गुरुवारी सकाळी साडेनऊला डायरेक्टर लोकांबरोबर बसून अंतिम टक्का ठरतो, तो ठरला की सगळ्या बाबींचे दर पुन्हा फिरवायचे, दोघांनी तपासायचे, मग डिजिटल सही आणि अपलोड. शेवटच्या तासात पोर्टल रांगतं, म्हणून आम्ही एकच्या आत चढवायचा प्रयत्न करतो. म्हणजे ११ ते १२ हा माझा अगदी गळ्याशी आलेला तास आहे. तेव्हा उठून गाडीत बसून मुलाखत देणं शक्य नाही, आणि दिली तरी डोकं तिकडेच राहणार.

वेळ बदलून मागायची आहे. मेल कसा लिहू? कारण किती सांगू? मला वाटतंय गुरुवारीच संध्याकाळी ५ मागावी, म्हणजे दिवस तोच राहील आणि त्यांनाही फार त्रास नाही.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ९.५८

सरळ सांगतो, राग मानू नका. मुलाखतीची वेळ उमेदवाराने बदलायची नसते. तुम्हाला नोकरी हवी आहे, त्यांना माणसं ढिगाने मिळतात. तारीख बदलून मागितली की तिथेच 'याला फारशी गरज दिसत नाही' असा शेरा बसतो. सुट्टी टाका आणि द्या मुलाखत. तुमच्यावाचून निविदा अडणार नाही.

हेमावैम.

---

खिडकीपाशी | सोमवार, रात्री १०.०५

साहेबांना आधीच सांगून ठेवा ना की गुरुवारी तासभर बाहेर आहे. किंवा निविदेचं काम बुधवारीच संपवायचं बघा. मी नेहमी असंच करते, डेडलाइन एक दिवस आधीची धरून चालायचं. वरिष्ठांना नीट सांगितलं तर ते ऐकतात.

---

लेव्हल_मशीन | सोमवार, रात्री १०.११

@खिडकीपाशी, मुदत आमच्या साहेबांच्या हातात नाही, निविदा मागवणाऱ्यांच्या हातात आहे. आणि मला ऑफिसातली मुदत नव्हे, मुलाखत हलवायची आहे. :)

@स्पष्टवक्ता, सुट्टी टाकली तर दुसरी नोकरी शोधतोय हे ऑफिसात त्याच दिवशी कळेल. निविदेच्या दिवशी एस्टिमेशनवाला गैरहजर म्हणजे लग्नात भटजी गायब.

---

निळी शाई | सोमवार, रात्री १०.३५

मी बारा-तेरा वर्षं भरतीचंच काम करते आहे, त्यातली पाच वर्षं निव्वळ मुलाखतींच्या वेळा जुळवण्यात गेली. त्या बाजूला काय घडतं ते सांगते, म्हणजे मेल कसा लिहायचा ते आपोआप कळेल.

ज्या बाईंनी तुम्हाला आमंत्रण पाठवलं त्या तुमची वेळ ठरवत नाहीत. त्या तीन जणांची कॅलेंडरं समोर ठेवतात आणि तिन्हींत मोकळा असलेला तास शोधतात. तो मिळवायला कधी दोन दिवस जातात. तुम्ही वेळ बदला म्हणालात की त्यांना राग येतो तो तुमच्या 'गरजे'बद्दल नव्हे, तर हा खटाटोप पुन्हा करायचा म्हणून. त्यामुळे त्यांचं काम जितकं कमी होईल तितका तुमचा मेल चांगला.

दुसरी गोष्ट उमेदवारांच्या लक्षातच येत नाही. तुमचा मेल बहुतेक वेळा जसाच्या तसा पॅनेलकडे जातो. वर एक ओळ टाकायची, 'उमेदवाराने वेळ बदलून मागितली आहे, खाली पाहा', आणि पुढे ढकलायचा. मीही हेच करायचे. म्हणजे तुम्ही एचआरच्या बाईंना लिहीत असता, पण वाचणारे असतात ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम करणार ते. कारण किती सांगू याचं उत्तर त्यातच आहे.

स्पष्टवक्ता म्हणतात त्यात निम्मं खरं आहे. शेरा बसतो, पण तो दोन प्रसंगी: मुलाखतीच्या आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी मागितली तर, आणि दुसऱ्यांदा मागितली तर. सोमवारी संध्याकाळी आलेल्या आमंत्रणाला मंगळवारी सकाळी उत्तर दिलं तर दोन दिवस हातात राहतात. तेवढ्यात पॅनेलचा तो तास दुसऱ्या उमेदवाराला देता येतो, वाया जात नाही. त्यावर कोणी शेरा मारलेला मी तरी पाहिला नाही.

एक करू नका. कॅलेंडरच्या आमंत्रणावर आधी 'Decline' दाबू नका. काही ठिकाणी ते आमंत्रण एखाद्या यंत्रणेच्या खात्यातून गेलेलं असतं. तुम्ही नकार दाबलात की तिकडे फक्त 'उमेदवार नाही म्हणाला' एवढंच उमटतं, मागचा मेल कोणी वाचेपर्यंत तास-दोन तास जातात. नवी वेळ सुचवायचं बटण असतं तेही नको, कारण त्यात एकच वेळ सुचवता येते. आधी मेल. त्यांचं उत्तर आलं आणि नवं आमंत्रण आलं की जुन्याचं काय करायचं ते त्या बघतील.

---

सांजवेळ | सोमवार, रात्री १०.५०

माझा अनुभव. मागे माझी मुलाखत एका कन्सल्टंटमार्फत लागली होती. त्या आठवड्यात आमच्याकडे ऑडिट होतं म्हणून मी कन्सल्टंटला फोन करून वेळ बदलायला सांगितली. तो म्हणाला, 'काळजी करू नका, मी बोलतो.' तो बोललाच नाही. मी निर्धास्त ऑडिटला बसले, आणि तिकडे मी 'आलीच नाही' अशी नोंद झाली. नंतर खुलासा पाठवला, उत्तर आलं नाही. तेव्हापासून फोन झाला तरी मागोमाग दोन ओळी लेखी टाकते, आणि कंपनीचा पत्ता माहीत असेल तर त्यांनाही सीसीत ठेवते.

---

निळी शाई | सोमवार, रात्री १०.५८

@सांजवेळ, हे फार वेळा घडतं. फक्त सीसीचं जरा जपून. काही कन्सल्टंटना उमेदवाराने थेट कंपनीला लिहिलेलं चालत नाही. 'कंपनीला कळवलंत की मला त्याची प्रत पाठवा' असं म्हणावं आणि संध्याकाळपर्यंत आली नाही तर मग थेट लिहावं. धागाकर्त्यांचा मेल थेट कंपनीकडून आहे, त्यांना ही भानगड नाही.

---

लेव्हल_मशीन | सोमवार, रात्री ११.२०

मनापासून आभार. कच्चा मेल लिहिलाय, फाडून काढा.

> आदरणीय मॅडम,
> सर्वप्रथम आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. आपण मला संधी दिलीत याबद्दल मी आपला ऋणी आहे. परंतु गुरुवारी दुपारी ३ वाजता आमच्या कंपनीची एका मोठ्या पुलाच्या कामाची निविदा भरायची असल्याने आणि रेट ॲनालिसिस व अंतिम दर माझ्याकडेच असल्याने मला सकाळी ११ वाजता उपस्थित राहणे अत्यंत अवघड आहे. तरी कृपया मुलाखत गुरुवारी सायंकाळी ५ वाजता किंवा आपल्या सोयीनुसार पुढे कधीही ठेवावी ही नम्र विनंती. गैरसोयीबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व.

---

वाटसरू | सोमवार, रात्री ११.३२

अहो थांबा, पुलाचा उल्लेख आधी काढा!!

मी याच धंद्यात आहे, करारांच्या बाजूला. तुम्ही ज्यांच्याकडे मुलाखत देताय तेही बांधकाम कंपनीच ना? मग गुरुवारी ३ वाजता बंद होणारी मोठ्या पुलाची निविदा कोणती, हे त्यांच्या एस्टिमेशनच्या साहेबांना एका सेकंदात कळेल. कदाचित तेही ती भरत असतील. म्हणजे तुम्ही प्रतिस्पर्ध्याला लेखी कळवताय की आमची कंपनी या कामात उतरतेय आणि दर माझ्या हातात आहेत. निळी शाई म्हणाल्या तसा मेल पुढे गेला की तो थेट त्याच माणसाच्या टेबलावर. आणि तिकडे समजूतदार माणूस असेल तर तो म्हणेल, हा आज त्यांचं आम्हाला सांगतोय, उद्या आमचं तिसऱ्याला सांगेल.

पुलाचा नव्हे, 'निविदा' या शब्दाचाच उल्लेख नको.

---

लेव्हल_मशीन | सोमवार, रात्री ११.३८

हे डोक्यातच आलं नाही. अंगावर काटा आला खरंच. मेल अजून धाडला नाही हे नशीब.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ११.४५

मग एवढ्या भानगडीपेक्षा 'तब्येत बरी नाही' लिहा. कोणी विचारत नाही.

---

वाटसरू | सोमवार, रात्री ११.५२

सोमवारी रात्री बसून गुरुवारी सकाळी ११चा ताप कसा कळला बुवा? दोन दिवस आधी आजारपण कळवता येत नाही. त्यासाठी गुरुवारी सकाळीच कळवावं लागेल, म्हणजे निळी शाई म्हणतात तो शेरा नक्की. ह.घ्या.

---

निळी शाई | मंगळवार, सकाळी ७.१०

रात्री झोपले होते, आता वाचलं. वाटसरूंचा मुद्दा माझ्याही लक्षात आला नसता, कारण मी त्या धंद्यातली नाही. शंभर टक्के बरोबर आहे.

आता मेलबद्दल. तीन गोष्टी.

क्षमा दोनदा आणि ऋण एकदा, हे जास्त झालं. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. एकदा दिलगिरी पुरे, तीही शेवटी.

'आपल्या सोयीनुसार पुढे कधीही' हे वाक्य नम्र वाटतं, पण ते त्या बाईंना काहीच सांगत नाही. त्या तीन कॅलेंडरं जुळवून एक वेळ पाठवतील आणि ती तुम्हाला जमली नाही तर काय कराल? ती झाली दुसरी विनंती. तुम्ही ठोस वेळा द्या, तीन पुरेत. आणि एका तासाची फट देऊ नका, दोन-अडीच तासांचा पट्टा द्या, म्हणजे त्यात पॅनेलचा एक तास कुठेतरी बसतो.

तिसरं म्हणजे गुरुवारी संध्याकाळी ५. आदल्या रात्री किती झोप होणार आहे तुमची?

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, सकाळी ७.२५

खरं सांगायचं तर दोन-तीन तास. झाली तर.

---

निळी शाई | मंगळवार, सकाळी ७.३१

मग ५ वाजता तुम्ही पडद्यावर जे दिसाल ते पॅनेल तासभर बघत बसणार. मुलाखत पुढे ढकलून त्याच अवस्थेत द्यायची तर ढकलायची कशाला? शुक्रवार द्या.

---

वाटसरू | मंगळवार, सकाळी ७.४८

शुक्रवारही नको. ताईंना आमच्या धंद्याची एक खोड माहीत नाही, म्हणून सांगतो: निविदेची मुदत वाढते. आणि ती वाढली हे कधी शेवटच्या दिवशी, कधी शेवटच्या तासात कळतं. कोणीतरी शंका विचारलेली असते, शुद्धिपत्रक निघतं, किंवा पोर्टल बंद पडतं.

म्हणून वेळा अशा निवडा की मुदत वाढली तरी त्या शाबूत राहतील. एक दिवस वाढली तर शुक्रवार गेला. दोन-तीन दिवस वाढली तर सोमवार दुपारपर्यंतचा गेला. आठवडाभर वाढली तर पुढचा बुधवार-गुरुवार गेला. यातून काय उरतं ते बघा: सोमवार उशिरा संध्याकाळ धोक्याची पण जमण्यासारखी, आणि मंगळवार सगळ्यात सुरक्षित. मंगळवार सकाळ पहिल्या क्रमांकावर टाका.

लेव्हल_मशीन, तुमच्या निविदेत अजून शंकांची उत्तरं यायची राहिली आहेत का? राहिली असतील तर वाढ होण्याची शक्यता धरूनच चाला.

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, सकाळी ८.०२

दोन उत्तरं राहिली आहेत. :( त्यातलं एक पायाच्या खोलीबद्दलचं आहे, म्हणजे मोठं.

एवढा विचार मी निविदेतही करत नाही. पण एक सांगा, मंगळवार म्हणजे आठवडाभर पुढे. 'याला घाई नाही' असं वाटणार नाही का?

---

निळी शाई | मंगळवार, सकाळी ८.१५

ही शंका रास्त आहे आणि याचं उत्तर मलाही छातीठोक देता येणार नाही. ते बाकीच्या उमेदवारांचं काय चाललंय यावर आहे. समजा ते चौघांना भेटतायत आणि शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे, तर मंगळवार उशिरा ठरेल. पण मग त्या बाई तसं सांगतील: 'आम्हाला या आठवड्यातच संपवायचं आहे.' ते वाक्य आलं तर तो नकार समजू नका, ती उलट मदत असते. तेव्हा तुम्हाला तातडीची एक वेळ द्यावी लागेल, ती आत्ताच ठरवून ठेवा. बुधवारी सकाळी लवकर जमेल?

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, सकाळी ८.२२

बुधवार सकाळी ८.३० ते ९.३० जमेल. घरून देऊन ऑफिसला उशिरा जाईन. पण तयारीला काहीच वेळ नाही, म्हणून स्वतःहून लिहिणार नाही.

---

सांजवेळ | मंगळवार, सकाळी ८.३०

मला वाटतं तीही लिहावी. आधीची एक आणि नंतरच्या दोन असं दिलं की उमेदवार टाळत नाहीये हे दिसतं.

---

निळी शाई | मंगळवार, सकाळी ८.३४

दिसतं खरं. पण लिहिली तर तीच मिळेल, हे धरून लिहा. रिकामा तास सगळ्यात जवळचा असेल तर तोच उचलला जातो. जमेल असं नुसतं दाखवण्यासाठी वेळ देऊ नये, हे माझं मत. यावर दुमत असू शकतं.

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, सकाळी ८.५०

दुसरा खर्डा. आता बघा.

> विषय: सीनियर एस्टिमेशन इंजिनिअर, गुरुवार सकाळी ११ ची मुलाखत: वेळ बदलण्याची विनंती
>
> नमस्कार मॅडम,
>
> गुरुवारी सकाळी ११ वाजता ठरलेल्या दुसऱ्या फेरीबद्दल लिहीत आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या सध्याच्या कामातली एक आधीच ठरलेली मुदत आहे आणि ती बदलणं माझ्या हातात नाही. त्यामुळे ही मुलाखत पुढच्या वेळेवर नेता येईल का?
>
> मला या वेळा नक्की जमतील:
> मंगळवार, सकाळी ९ ते ११.३०
> मंगळवार, दुपारी ४ नंतर
> सोमवार, संध्याकाळी ६ नंतर
>
> या आठवड्यातच मुलाखती पूर्ण करायच्या असतील तर कृपया कळवा, मी आज फोनवर उपलब्ध आहे. पॅनेलला वेळ पुन्हा जुळवावी लागेल याबद्दल दिलगीर आहे.
>
> आपला,

खाली नाव, नंबर.

---

वाटसरू | मंगळवार, सकाळी ८.५८

उत्तम. 'निविदा' नाही, 'पूल' नाही, 'दर' नाही. फक्त सोमवार तिसरा ठेवलात ते चांगलं केलंत. आणि त्या ओळींत वारांबरोबर तारखाही घाला. 'मंगळवार' म्हटलं की आजचा की पुढचा, असा प्रश्न येतो.

---

निळी शाई | मंगळवार, सकाळी ९.०४

छान आहे. तारखा हव्यातच, विषयातसुद्धा. आणखी एक, नवा मेल सुरू करू नका. त्यांनी काल पाठवलेल्या मेललाच उत्तर द्या, म्हणजे मागचं सगळं खाली राहतं. विषय बदलल्यावर काही ठिकाणी साखळी तुटते, तेव्हा आहे तोच विषय राहू द्या आणि तुमचा विषय पहिल्या ओळीत आणा. ऑफिसच्या मेलवरून आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून पाठवू नका हे सांगायला नकोच.

साडेदहापर्यंत धाडा. बारापर्यंत उत्तर नाही आलं तर एक फोन, 'मेल मिळाला का एवढंच विचारायला केलाय' म्हणून. फोनवर कारण पुन्हा उगाळत बसू नका, कारण बोलण्याच्या ओघात पूल बाहेर येतो.

---

खिडकीपाशी | मंगळवार, सकाळी ९.३०

मी काल उलटंच समजले होते, सॉरी. पण तरी म्हणेन, साहेबांशी चांगले संबंध असतील तर सांगून टाकावं. लपवाछपवी कशाला?

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ९.४१

@खिडकीपाशी, हा सल्ला मात्र कोणी ऐकू नका. :D

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, दुपारी १.२०

१०.१५ ला पाठवला. ११.५० ला उत्तर आलं, फोन करायची वेळच आली नाही. उत्तर असं: 'कळवल्याबद्दल धन्यवाद. पुढचा मंगळवार सकाळी १० वाजता निश्चित करत आहोत. तसाही गुरुवार आमच्या पॅनेलमधल्या एकांना अवघडच होता.'

शेवटचं वाक्य वाचलं आणि मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो.

---

वाटसरू | मंगळवार, दुपारी १.२६

काल काय म्हणालो होतो!

अर्थात दुसरं काहीही कारण असू शकतं. तरी आता एक ध्यानात ठेवा. मुलाखतीत 'सध्या कशावर काम करताय' हा प्रश्न येणारच. मागचं, काम मिळून जाहीर झालेलं एखादं उदाहरण आत्ताच तयार ठेवा, म्हणजे तिथे चाचपडायला नको.

---

लेव्हल_मशीन | गुरुवार, सकाळी १०.४०

आता हसावं की रडावं ते सांगा. सव्वादहाला शुद्धिपत्रक आलं. पायाच्या खोलीचं उत्तर आलं आणि मुदत सोमवार दुपारी ३ पर्यंत वाढली. डायरेक्टरांची बैठक अर्ध्यात उठली. म्हणजे आज ११ वाजता मी मोकळा आहे!

आत्ता फोन करून 'मी ११ ला येऊ शकतो' म्हणू का?

---

निळी शाई | गुरुवार, सकाळी १०.४४

नको!! तो तास गेला. एक तर दुसऱ्या कोणाला दिला असेल किंवा पॅनेलमधला कोणीतरी दुसऱ्या बैठकीत बसला असेल. वीस मिनिटांवर आलेला हा फोन म्हणजे दुसरा बदल. शिवाय 'मुदत बदलणं माझ्या हातात नाही' म्हणालात आणि मुदत अचानक गायब झाली, तर का गायब झाली हे सांगावं लागेल.

---

सांजवेळ | गुरुवार, सकाळी १०.५५

मला हे पटत नाही. एक फोन करून विचारायला काय हरकत होती? जमलं तर जमलं. उत्साहच दिसला असता.

---

वाटसरू | गुरुवार, सकाळी ११.०३

आणि शुद्धिपत्रक त्यांनाही आलेलं असेल तर? 'सव्वादहाला मुदतवाढ आली आणि पावणेअकराला याचा फोन आला', दोन अधिक दोन. इतके दिवस निविदेचं नाव न घेता सांभाळलेलं सगळं एका फोनने उघडं.

पण बघा, मुदत सोमवार दुपारी ३ वर गेली. शुक्रवार घेतला असता तरी वाचला असतात, सोमवार संध्याकाळ घेतली असती तर रात्रभर जागून मुलाखतीला बसला असतात. मंगळवार तसाच्या तसा उभा आहे.

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, दुपारी १.०५

झाली मुलाखत. निविदा काल दीडला चढली, रात्री आठ तास झोपलो, सकाळी दहाला ताजा होतो.

पॅनेलमध्ये तीनऐवजी दोघंच होते. त्यांचे एस्टिमेशनचे प्रमुख नव्हते. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, 'ते काल एका कामात होते, आज रजेवर आहेत.' मी शक्य तितका निर्विकार चेहरा ठेवला.

'सध्या कशावर काम करताय' आलंच, तिसऱ्या प्रश्नाला. दोन वर्षांपूर्वीच्या एका कामाचं उदाहरण दिलं, सब-कॉन्ट्रॅक्टरचे दर शेवटच्या दिवशी बदलले तेव्हा तपासणी कशी केली ते. एकांनी विचारलं, 'आणि चालू काम?' म्हटलं, त्याबद्दल निकाल लागेपर्यंत बोलता येणार नाही. ते हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट कोण जाणे.

वेळ बदलल्याचा विषय कोणी काढला नाही.

---

स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १.३०

शेरा नाही बसला म्हणजे. ठीक आहे, एक तुमचा. तरी निकाल लागेपर्यंत मी माझं मत राखून ठेवतो.

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

आत्ता मेल आला. एस्टिमेशन प्रमुखांबरोबर वेगळी अर्धा तासाची फेरी, शुक्रवारी दुपारी ४ वाजता. आणि शुक्रवारी ४ ला ऑफिसात त्याच निविदेची आढावा बैठक आहे. ताई, आता?

---

निळी शाई | मंगळवार, संध्याकाळी ६.२१

या वेळी मात्र मुलाखत हलवायची नाही. बैठक कोणी ठेवली आहे?

---

लेव्हल_मशीन | मंगळवार, संध्याकाळी ६.२३

मीच. सकाळी अकरावर आणतो.